उतरताना टेकायची काठी

कळसूबाईवरून बारी गावाकडे उतरत होतो. सप्टेंबर संपत आला होता, वाट अजून ओली होती. शिड्या मागे पडल्या होत्या. एका गुडघाभर उंच पायरीखाली काठी टेकली, भार टाकला आणि काठीची खालची नळी चार बोटं वरच्या नळीत शिरली. मी तसाच पुढे जाऊन गुडघ्यावर आपटलो. चढताना त्याच काठीने एकदाही दगा दिला नव्हता. चढताना आपण काठीवर जरासा रेटा देतो, उतरताना मात्र अंगाचा बराच भार तिच्यावर येतो. म्हणून ट्रेकिंग पोल घेताना तो उतारावर कसा वागेल, हे आधी पाहावं.

माझ्या काठीचं लॉक पिळाचं होतं. अशा काठीत नळीच्या आत प्लास्टिकचा एक खुंटा असतो. काठी पिळली की तो फुगतो आणि नळीला आतून धरून ठेवतो. आत पाणी किंवा चिखलाचा पातळ थर गेला की ही पकड सुटते, आणि बाहेरून पाहून ते कळायला काहीच मार्ग नसतो. खटक्याचं लॉक नळीला बाहेरून आवळतं. खटका उघडा आहे की बंद, हे डोळ्यांना दिसतं. तो मिटवताना तळहाताने जोर द्यावा लागला पाहिजे. नुसत्या बोटाने मिटत असेल, तर शेजारचा स्क्रू पाव फेरा आवळायचा. आपल्या पावसाळी वाटांसाठी मी खटक्याचंच लॉक घ्यायला सांगेन. दुकानात काठी लांब करून, जमिनीवर टेकवून, दोन्ही हातांनी तिच्यावर सगळं वजन टाकून पाहा. केसभरही सरकली तर ती घेऊ नका.

घडीची काठी पिशवीत छान मावते, पण तिच्या बऱ्याच प्रकारांत लांबी ठरलेली असते किंवा थोडीच बदलते. उतारावर नेमकी तिथेच अडचण होते.

लांबी ठरवायची रीत सोपी आहे. बूट घालून सपाट जागी उभं राहायचं, काठी पावलाशेजारी टेकायची आणि मूठ धरायची. कोपर काटकोनात आलं की ती आपली सपाटीची लांबी. माझी उंची 165 सेंटिमीटर आहे आणि माझी काठी 110 वर बसते. चढताना ती 105 करतो, कळसूबाईसारख्या उतारावर 118 पर्यंत नेतो. काठी आखूड राहिली तर खालची पायरी गाठायला कमरेत वाकावं लागतं आणि तोल पुढे जातो. नळीवर कमाल लांबीची खूण असते, तिच्यापलीकडे मात्र काठी ओढू नये.

कार्बनची जोडी अॅल्युमिनियमपेक्षा शे-दीडशे ग्रॅमने हलकी असते. तरी सह्याद्रीत मी अॅल्युमिनियमच घेतो. इथे काठीचं टोक दोन दगडांच्या फटीत अडकतं आणि पाऊल पुढे गेलेलं असतं, त्यामुळे काठीवर आडवा ताण येतो. तेव्हा अॅल्युमिनियम बहुधा वाकतं, तर कार्बन काडकन मोडतो. वाकलेली काठी निदान खालच्या गावापर्यंत थोडा आधार देते.

उतरताना आधी काठ्या खालच्या पायरीवर टेकायच्या, त्या घट्ट बसल्या याची खात्री करायची आणि मग पाऊल टाकायचं. पाऊल आधी पडलं तर भार गुडघ्यावर आलेलाच असतो. काठी फार लांबही टेकू नये, हाताच्या सहज टप्प्यात ठेवावी. कोपर आणि गुडघे किंचित वाकलेले हवेत. उंच पायरी असेल तर मुठीच्या माथ्यावर तळहात ठेवून वरून दाबावं. घसाऱ्यावर भीतीने मागे रेलायचा मोह होतो, पण मागे रेललं की पायाखालची पकड सुटते आणि माणूस बसकण मारतो. छोटी पावलं टाकत वजन पावलांवर ठेवायचं.

पट्ट्यात हात खालून वर घालून मग मूठ धरली की सपाटीवर मनगटाला आधार मिळतो. दगडधोंड्यांच्या उतारावर मात्र मी हात पट्ट्यातून काढतो. काठी अडकली आणि हात पट्ट्यात असला तर मनगट मुरगळतं, आणि पडताना हात टेकायलाही मोकळा राहत नाही. शिडी किंवा कातळटप्पा आला की काठ्या मिटवून पिशवीला बांधायच्या, कारण तिथे दोन्ही हात लागतात. मनगटाला लोंबकळणारी काठी शिडीच्या पायरीत हमखास अडकते.

घरी आल्यावर नळ्या पूर्ण वेगळ्या करून, पुसून रात्रभर सावलीत वाळवा. तेल अजिबात लावू नका, तेलाने लॉकची पकडच जाते.