पडलेली बुलेट उचलताना

जड मोटारसायकल वेगात असताना क्वचितच पडते. पडते ती बहुधा उभी असताना किंवा चालण्याच्या वेगात: यू-टर्न घेताना, पेट्रोल पंपावरच्या तेलकट फरशीवर, नाहीतर पाय टेकायला गेलो आणि खाली खळगा निघाला म्हणून. माणसाला खरचटतसुद्धा नाही. कंबर धरते ती पुढच्या मिनिटात, कारण चारचौघांत गाडी पडल्याची लाज इतकी मोठी असते की आपण घाईघाईने वाकून हँडलला झोंबतो.

रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 घेऊ. पेट्रोलसकट तिचं वजन 195 किलो. हे सगळं वजन आपल्याला उचलायचं नसतं. दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली असतात आणि त्या टेकूभोवती गाडी फक्त वर फिरवायची असते. ढोबळ हिशेब असा: गाडीचा गुरुत्वमध्य चाकांच्या रेषेपासून साधारण अर्धा मीटर वर आणि हँडलची मूठ जवळपास एक मीटर वर. गाडी लेगगार्डवर कलंडलेली असेल, तर मुठीपाशी ऐंशी-नव्वद किलोंइतका जोर लागतो. गाडी अर्ध्यावर आली की तो सत्तरच्या आसपास उतरतो आणि पुढे झपाट्याने कमी होतो. म्हणजे सगळ्यात जड असते ती पहिली वीतभर. म्हणूनच टेकूपासून जितक्या लांब धराल तितकं बरं. पहार टोकाला धरतात, मध्यावर नाही, तसंच हे.

आता तेच ऐंशी किलो वाकून उचलले तर काय होतं? ओझं कण्यापासून चाळीसेक सेंटिमीटर पुढे असतं. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र कण्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात. तरफ इथे उलटी पडते: स्नायूंना आठपट ओढावं लागतं आणि कमरेच्या खालच्या मणक्यांवर सहाशे किलोंहून जास्त दाब येतो. त्यात अंग थोडं वळलेलं असेल, एक हात हँडलवर आणि एक सीटखाली, तर मणक्यांमधल्या चकतीला इजा व्हायला याहून सोयीची स्थिती नाही. मांड्यांना मात्र एवढा जोर लावणं जमतं. तेव्हा प्रश्न एवढाच, की काम पाठीकडून काढून मांड्यांकडे द्यायचं कसं? उत्तर पाहायला विचित्र वाटतं: गाडीकडे पाठ करायची.

समजा, पावसाळ्यात घाटातल्या एका वळणावर क्लासिक डाव्या अंगावर पडली आहे. आधी किल स्विच दाबा, चावी बंद करा, मागून येणाऱ्या वाहनांना दिसेल अशी कुणाला तरी खूण करायला सांगा. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत असेल, तर जवळ विडी-सिगारेटवाला नको. स्वतःचा खांदा, मनगट, गुडघा हलवून पाहा; काही दुखत असेल तर उचलायचं काम दुसऱ्याचं. सॅडलबॅग लावलेल्या असतील तर त्या काढा.

मग गाडी घरंगळणार नाही याची सोय. पहिला गिअर टाकलेला असला की मागचं चाक अडतं. पण गाडी डावीकडे पडली की गिअरचा दांडाही खाली जातो. लेगगार्डमुळे उरलेल्या फटीतून हात पोचला तर ठीक. नाहीतर पुढच्या ब्रेकचा दांडा मुठीशी रुमालाने किंवा रबराने करकचून बांधा आणि चाकाला दगड लावा. गाडी उजवीकडे पडली तर काम सोपं होतं. गिअर वरच्या बाजूला हाताशी येतो, आणि साइड स्टँड उचलण्याआधीच उघडून ठेवता येतो, म्हणजे गाडी चुकून पलीकडे कलली तरी स्टँडवर जाऊन बसते. फक्त क्लासिकचा सायलेन्सर उजव्याच बाजूला असतो. हात तिथे जाऊ देऊ नका.

हँडल जमिनीच्या बाजूला, म्हणजे इथे डावीकडे, अडेपर्यंत वळवा. मूठ टाकीजवळ, आपल्या अंगाजवळ येते. काही प्रशिक्षक उलट दिशेला वळवायला सांगतात, तेही चालतं. महत्त्वाचं हे की हँडल एका टोकाला अडलेलं हवं. मधोमध ठेवलं तर जोर लावताच ते गर्रकन फिरतं आणि आपण तोंडघशी पडतो.

आता गाडीकडे पाठ करून खाली बसा. सीटची कड कमरेला नाही, तिच्या खाली, बुडाला टेकली पाहिजे. गाडीचं तोंड आपल्या उजव्या हाताला येतं, म्हणून उजव्या हाताने खालची मूठ तळवा वर ठेवून धरा आणि डाव्या हाताने मागची पकडायची दांडी किंवा चॅसिसचा भक्कम भाग. इंडिकेटर, आरसा, मडगार्ड यांना हात लावलात तर ते हातात येतील. हात ताठ ठेवा. ते दोरीसारखे फक्त बांधून ठेवायला आहेत, ओढायला नाहीत. पावलं वीतभर अंतरावर, टाचा घट्ट, छाती पुढे, नजर समोर. उकिडवं पार खाली बसू नका. गुडघे जेमतेम काटकोनात असले की मांड्यांना जोर मिळतो.

श्वास सोडत टाचा जमिनीत रोवून मागे रेटा. बूड सीटवर दाबलेलं ठेवून अर्ध्या-अर्ध्या पावलाने मागे सरका. चालतो आहोत असं वाटलं पाहिजे, उचलतो आहोत असं नाही. पाठीत ओढ जाणवली तर बूड सीटवरून सुटलं आहे, असं समजा. गाडी हळूच परत टेकवा आणि पुन्हा मांडून बसा. साडेतीनशे किलोंच्या पुढच्या हार्ले गाड्याही लोक याच रीतीने एकटे उभ्या करतात.

खरा घात शेवटच्या टप्प्यात होतो. ओझं हलकं होत जातं, आपण मात्र त्याच जोराने रेटत असतो आणि गाडी पलीकडे आडवी होते. म्हणून ती तीन चतुर्थांश उभी झाली की जोर कमी करा, मांडीने तोलून धरा, वळा आणि पायाने साइड स्टँड ओढा. सोबती असेल तर त्याला याचसाठी पलीकडच्या बाजूला उभं करा. मदतीला धावलेले तिघे तीन दिशांनी ओढू लागले की गाडीचं जास्तच नुकसान होतं.

उतारावर चाकं खालच्या अंगाला हवीत. सीट खालच्या अंगाला असेल तर चढाविरुद्ध रेटावं लागतं. त्याआधी दोघांनी मिळून मागचं चाक सरकवत गाडी लेगगार्डवर फिरवून घ्यावी. शेवाळ, चिखल किंवा सुट्या खडीवर टाच सरकते आणि ही पद्धत निरुपयोगी ठरते. हर्निया, जुना स्लिप डिस्क किंवा गरोदरपण असेल, तर हा प्रयोग करूच नका.

गाडी उभी राहिल्यावर क्लच-ब्रेकचे दांडे, गिअर आणि हँडल सरळ आहेत का पाहा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ती सुरू होत नाही. स्वतःकडेही बघा. कंबरेतून पायात कळ जात असेल, पाऊल बधिर वाटत असेल तर दुखण्याचं मलम चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, वेळ न घालवता.

दोन प्रयत्नांत गाडी हलली नाही, तर तिसरा करू नका. ती तशीच पडून राहू द्या आणि येणाऱ्या पहिल्या माणसाला हात करा.