एकोणसाठ पेशंटांच्या चाचणीचं काय करायचं?

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये नैराश्याच्या ५९ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष एप्रिल २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटातल्या ३० जणांना सायलोसायबिन, म्हणजे काही रानटी अळिंब्यांमध्ये सापडणारं भ्रमकारक रसायन, २५ मिलिग्रॅमच्या दोन मात्रांत दिलं आणि रोज एक निष्क्रिय गोळी. दुसऱ्या गटातल्या २९ जणांना रोज एस्सिटॅलोप्रॅम, म्हणजे आपल्याकडचे मानसोपचारतज्ज्ञही सर्रास लिहून देतात तेच औषध, आणि सायलोसायबिनच्या फक्त १ मिलिग्रॅमच्या दोन मात्रा. दोन्ही गटांना मानसिक आधार सारखाच मिळाला.

सहा आठवड्यांनी नैराश्याची तीव्रता मोजली ती रुग्णाने स्वतः भरायच्या एका प्रश्नावलीवर. तिचे गुण ० ते २७. जितके जास्त, तितकं नैराश्य गडद. सायलोसायबिनच्या गटात गुण सरासरी ८ ने उतरले, एस्सिटॅलोप्रॅमच्या गटात ६ ने. फरक २ गुणांचा. त्याचा ९५ टक्के पल्ला मात्र लांबलचक निघाला: सायलोसायबिन ५ गुणांनी सरस, इथपासून ०.९ गुणांनी मागे, इथपर्यंत. पी-मूल्य सुमारे ०.१७. ते ०.०५ च्या खाली नाही, म्हणून निष्कर्ष आला: लक्षणीय फरक दिसला नाही.

हे वाक्य बरोबर आहे, पण घाईत वाचलं की त्याचं ‘दोन्ही औषधं सारखीच’ होऊन जातं. पी-मूल्य सांगतं ते एवढंच: दोन्ही उपचार खरोखरच सारखे असते, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात साधारण १७ वेळा दिसला असता. डॉक्टरचा प्रश्न याच्या उलट दिशेचा असतो. हा निकाल हातात आहे, तर एक उपचार दुसऱ्यापेक्षा सरस असण्याची शक्यता किती? आणि सरस असला, तर पेशंटला जाणवेल इतका? बेजच्या पद्धतीचं विश्लेषण याच प्रश्नाचं उत्तर देतं. त्यासाठी ते एक किंमत मागतं: चाचणीचे आकडे पाहण्याआधी आपला अंदाज काय होता, हे आकड्यांत मांडावं लागतं. त्यालाच प्रायर म्हणतात.

प्रायर हवेतून काढायचा नसतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात २१ नैराश्यविरोधी औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र केल्या होत्या. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत या औषधांचा सरासरी फायदा प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.३० पट निघाला. लंडनच्या चाचणीत रुग्णारुग्णांमधलं प्रमाण विचलन साधारण साडेपाच गुण होतं. म्हणजे औषध आणि निष्क्रिय गोळी यांच्यातलं अंतरच या प्रश्नावलीवर दीड-पावणेदोन गुणांचं भरेल. मग दोन सक्रिय उपचारांमध्ये पाच-सहा गुणांचा फरक निघेल अशी आशा कशाच्या जोरावर धरायची? म्हणून संशयी प्रायर असा ठेवू: मध्य शून्यावर, प्रमाण विचलन दीड गुण. शब्दांत सांगायचं तर, ‘फरक कुठल्याही बाजूचा असू शकतो, पण तो ३ गुणांच्या पलीकडे गेला तर मला नवल वाटेल.’

पुढचा हिशोब कागदावर होतो. चाचणीने सांगितलेला फरक २ गुण, त्याची प्रमाण त्रुटी साधारण दीड. प्रायरचं विचलनही दीडच. दोघांची अनिश्चितता सारखी, म्हणून वजनही सारखं, आणि उत्तर शून्य व २ यांच्या बरोबर मध्ये येतं: १ गुण. आपण हा प्रायर घेतला म्हणजे जणू तेवढीच मोठी, शून्य फरक दाखवणारी आणखी एक चाचणी शेजारी ठेवली. चाचणी चौपट मोठी असती, तर प्रमाण त्रुटी निम्मी झाली असती, आकड्यांचं वजन चार पंचमांश झालं असतं आणि उत्तर १.६ वर गेलं असतं. छोट्या चाचणीत प्रायर बोलतो, मोठ्या चाचणीत तो मागे पडतो.

म्हणूनच छोट्या चाचणीत एका प्रायरवर थांबायचं नसतं. वरच्या संशयी प्रायरने सायलोसायबिन थोडंही सरस असण्याची शक्यता ८३ टक्के येते. काहीच गृहीत न धरणारा सपाट प्रायर घेतला तर ती ९१ टक्के होते. सायलोसायबिन ३ गुणांनी सरस असेल असं मानणाऱ्या उत्साही माणसाचा, तेवढ्याच रुंदीचा प्रायर घेतला, तर ९९ टक्के. आता कसोटी कडक करू. समजा, ३ गुणांहून कमी फरक पेशंटला जाणवणार नाही असं आधीच ठरवलं. एवढा मोठा फरक असण्याची शक्यता संशयी माणसाला ३ टक्के दिसते, सपाट प्रायरला २५ आणि उत्साही माणसाला ३२. उलट, सायलोसायबिन २ गुणांहून जास्त मागे असण्याची शक्यता तिघांनाही एक टक्क्याच्या आतच दिसते.

चाचणी कुठे बोलते आणि कुठे गप्प राहते, ते इथे कळतं. ‘फार मागे नाही’ या उत्तरावर तिघांचं एकमत आहे, म्हणजे ते चाचणीने दिलेलं आहे. ‘३ गुणांनी सरस’ याचं उत्तर प्रायर बदलला की दहापट बदलतं, म्हणजे ते मुख्यतः विचारणाऱ्याच्याच खिशातून आलेलं आहे. मूळ चाचणीतल्या काही संशोधकांचा सहभाग असलेलं बेज पद्धतीचं फेरविश्लेषण २०२३ मध्ये आलं. त्यांनी संपूर्ण आकडेवारी आणि नैराश्याच्या चार मोजपट्ट्या वापरल्या. सायलोसायबिन एस्सिटॅलोप्रॅमहून फारसं कमी नाही, याला त्यांना चारही पट्ट्यांवर अतिशय भक्कम पुरावा मिळाला. मुख्य प्रश्नावलीवर मात्र ते अर्थपूर्ण प्रमाणात सरस असल्याच्या विरोधातच मध्यम पुरावा निघाला. हॅमिल्टन पट्टीवर कौल याच्या उलट होता.

असा निकाल बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरपर्यंत पोचवायचा, तर तो साधारण या शब्दांत लिहावा: ‘सहा आठवड्यांनी सायलोसायबिनच्या बाजूने सरासरी १ गुणाचा फरक संभवतो, तो १.१ गुणांनी मागे ते ३.१ गुणांनी पुढे यांच्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के. ते थोडं तरी सरस असण्याची शक्यता ८३ टक्के, पेशंटला जाणवेल इतकं सरस असण्याची ३ टक्के. हे आकडे संशयी प्रायरचे आहेत. इतर दोन प्रायरचे आकडे सोबत दिले आहेत.’ त्याच्या लगेच खाली एक ओळ हवीच: ८३ टक्के म्हणजे शंभरातले ८३ रुग्ण बरे होतील असं नव्हे. ही शक्यता दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाची आहे, समोर बसलेल्या एका माणसाची नाही.

काही दोष मात्र कुठल्याच प्रायरने जात नाहीत. २५ मिलिग्रॅम सायलोसायबिन घेतलेल्या माणसाला आपल्याला काय मिळालं ते तासाभरात कळतं. त्यामुळे औषध झाकून ठेवण्याचा हेतूच निम्मा फसतो, आणि प्रश्नावली भरणाराही तोच असतो. शिवाय मूळ चाचणीतले रुग्ण निवडक होते, आणि फेरविश्लेषण निकाल जाहीर झाल्यावर झालं. प्रायर आणि ‘जाणवण्याजोगा फरक’ हे दोन्ही पहिला रुग्ण दाखल होण्याआधी लिहून ठेवले, तरच त्यांच्यावर पुरता विश्वास टाकता येतो. तेव्हा ‘अमुक औषध सरस असण्याची शक्यता नव्वद टक्के’ असं कुठे वाचलंत, तर तीन प्रश्न विचारा: कितीने सरस, प्रायर कोणता, आणि तो ठरला कधी? तिन्हींची उत्तरं लेखात नसतील, तर त्या नव्वद टक्क्यांवर औषध बदलू नये.