गाळा घ्यावा की फंड?

आमच्या वस्तीतील एक निवृत्त कंडक्टर बंधू 20 लाखांचा गाळा घ्यायला निघाले होते. भाडे दरमहा 10 हजार! मी कागद घेऊन बसलो. मुद्रांक शुल्क 6 टक्के, नोंदणी 1 टक्का. गाळा पडला 21 लाख 40 हजारांना. वर्षात दोन महिने रिकामा राहिला आणि देखभाल व मालमत्ता करात 30 हजार गेले, तर उरतात 70 हजार. म्हणजे शेकडा सव्वातीन. किंमत वाढेलही, पण आजारपणात 50 हजार लागले तर अर्धे शटर विकता येत नाही. अनेक कंपन्यांत विभागलेल्या फंडातून तेवढेच काढता येतात. मात्र 2008 साली शेअर बाजार निम्म्याहून अधिक घसरला होता. म्हणून पाच वर्षांत लागणारी रक्कम त्यांनी बँकेतच ठेवली.