तटस्थीकृत हस्तक्षेप: डॉलरखरेदीतून निर्माण होणारा पैसा आणि त्याचा भार

प्रस्तावना

मध्यवर्ती बँक परकीय चलन विकत घेते, तेव्हा त्याचे मोल ती स्वतः निर्माण केलेल्या देशी पैशात चुकते करते. म्हणून विनिमय दर सावरण्यासाठी केलेली प्रत्येक डॉलरखरेदी देशांतर्गत पैशाचा पुरवठाही वाढविते. ही वाढ दुसऱ्या व्यवहाराने काढून घेण्याच्या क्रियेस इंग्रजीत 'स्टरिलायझेशन' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'तटस्थीकरण' हा शब्द योजला आहे. पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा एका परिच्छेदात संपतो आणि खरेदीचा परिणाम विक्रीने पुसला जातो असा समज विद्यार्थ्यांच्या मनात राहतो. भारतीय रिझर्व्ह बँकेचा २००४ ते २००९ या काळातील अनुभव मात्र वेगळे सांगतो. तटस्थीकरणाने पैशाचा परिणाम नाहीसा होत नाही. त्याचा भार कोणाच्या तरी हिशेबात वर्ग होतो. तो कोणाच्या, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

एका व्यवहाराचा ताळेबंद

समजा, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्यास साखरनिर्यातीचे १० लाख डॉलर मिळाले. कारखाना ते आपल्या बँकेस विकतो. बँक ते चलनबाजारात विकावयास काढते आणि रिझर्व्ह बँक ते ४० रुपये दराने खरेदी करते. रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस परकीय मत्ता ४ कोटी रुपयांनी वाढते. देयतेच्या बाजूस त्या व्यापारी बँकेची रिझर्व्ह बँकेकडील शिल्लक ४ कोटींनी वाढते. ही शिल्लक म्हणजे राखीव पैसा होय. तिच्या आधारावर बँकव्यवस्था नवी कर्जे देऊ शकते, कर्जांतून नव्या ठेवी निर्माण होतात आणि अखेरीस पैशाच्या पुरवठ्यात ४ कोटींच्या कित्येक पट वाढ होऊ शकते.

आता रिझर्व्ह बँक आपल्याजवळील ४ कोटींचे सरकारी रोखे त्याच बँकेस विकते. बँकेची शिल्लक ४ कोटींनी घटते व राखीव पैसा पूर्वपदावर येतो. मध्यवर्ती बँकेची एकूण मालमत्ताही पूर्वीइतकीच राहते. फक्त रोख्यांची जागा डॉलरने घेतलेली असते. हाच तटस्थीकृत हस्तक्षेप.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. कारखान्याच्या खात्यात जमा झालेले ४ कोटी रुपये या दुसऱ्या व्यवहाराने कमी होत नाहीत. रोखे बँकेने घेतले असल्यास जनतेच्या ठेवींतील ही पहिली वाढ तशीच राहते आणि केवळ पुढील पतनिर्मितीचा पाया काढून घेतला जातो. ती पहिली वाढही परतवायची, तर रोखे बँकांबाहेरील जनतेने विकत घेतले पाहिजेत. राखीव पैशाचे तटस्थीकरण पूर्ण झाले तरी विस्तृत पैसा वाढू शकतो, त्याचे एक कारण हे आहे.

रोख्यांचा साठा संपतो तेव्हा

वरील पद्धतीस एक उघड मर्यादा आहे. मध्यवर्ती बँक आपल्याजवळ असतील तेवढेच रोखे विकू शकते. २००२ नंतर परकीय चलनाचा ओघ वाढला आणि रिझर्व्ह बँकेकडील विकण्याजोग्या सरकारी रोख्यांचा साठा झपाट्याने घटू लागला. रिव्हर्स रेपोचा मार्ग होता. परंतु त्यातही रोखे तारण म्हणून द्यावे लागत आणि तो अल्पमुदतीच्या चढउतारांसाठी होता, दीर्घकाळ टिकणाऱ्या ओघासाठी नव्हे.

या पेचाचा विचार करण्यासाठी उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेने कार्यगट नेमला. मध्यवर्ती बँकेने स्वतःचीच विपत्रे काढावीत हा एक पर्याय होता. मात्र त्यामुळे सरकारी रोखे आणि मध्यवर्ती बँकेची विपत्रे अशी जवळजवळ समान दर्जाची दोन पत्रे बाजारात एकमेकांशी स्पर्धा करू लागली असती. अखेरीस २५ मार्च २००४ रोजी केंद्र सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यात सामंजस्य करार झाला आणि १ एप्रिल २००४ पासून बाजार स्थिरीकरण योजना अमलात आली. आरंभीची मर्यादा ६० हजार कोटी रुपये होती.

योजनेची रचना साधी होती. रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने नेहमीसारखीच ट्रेझरी बिले व मुदतीचे रोखे लिलावाने विकी. मात्र आलेली रक्कम सरकारच्या खर्चाच्या खात्यात न जाता रिझर्व्ह बँकेतील एका स्वतंत्र खात्यात अडकून राही. मुदत संपताना परतफेड करणे अथवा रोखे मुदतीपूर्वी परत घेणे, एवढ्यासाठीच ती वापरता येई. आपल्या उदाहरणात बँकेची शिल्लक ४ कोटींनी घटते आणि तेवढीच रक्कम सरकारच्या त्या खात्यात दिसते. हे पैसे सरकारने खर्च केले असते, तर ते पुन्हा बँकांकडे पोहोचले असते व तटस्थीकरण व्यर्थ ठरले असते. म्हणून खाते वेगळे ठेवणे हा योजनेचा प्राण होता. रोख्यांवरील व्याज मात्र अर्थसंकल्पातून द्यावे लागे व ते तेथे स्वतंत्रपणे दाखविले जाई. पूर्वी रिझर्व्ह बँकेच्या नफ्यातील घटीआड लपलेला खर्च आता संसदेसमोर उघडपणे येऊ लागला.

२००७-०८ ची कसोटी

योजनेची खरी परीक्षा २००७-०८ या वर्षी झाली. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षात सुमारे ७८ अब्ज डॉलरची निव्वळ खरेदी केली. ४० रुपये दराने हे सुमारे ३ लाख १२ हजार कोटी रुपये होतात. योजनेची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवीत नोव्हेंबर २००७ मध्ये २ लाख ५० हजार कोटींवर नेण्यात आली. योजनेखालील शिल्लक मार्च २००७ अखेरच्या सुमारे ६३ हजार कोटींवरून मार्च २००८ अखेर सुमारे १ लाख ६८ हजार कोटींवर गेली. म्हणजे वर्षभरात निर्माण झालेल्या रुपयांपैकी सुमारे एक तृतीयांश रक्कम या मार्गाने शोषली गेली.

त्याच वर्षी रोख राखीव प्रमाण ६ टक्क्यांवरून ७.५ टक्क्यांवर नेण्यात आले. अर्ध्या टक्क्याच्या एका वाढीने सुमारे १५ हजार कोटी रुपये बांधले जात. येथे 'बांधले जात' हा शब्द हेतुपूर्वक वापरला आहे, कारण रोख राखीव प्रमाण वाढविल्याने राखीव पैसा घटत नाही. तो बँकांच्या नावे तसाच राहतो, फक्त कर्जासाठी वापरता येत नाही. म्हणून त्या वर्षीची राखीव पैशाची मोठी वाढ पाहून तटस्थीकरण झालेच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मात्र ते अपुरे पडले हेही खरे. १७ ते १७.५ टक्क्यांचा अंदाज असताना विस्तृत पैसा २१ टक्क्यांहून अधिक वाढला.

तटस्थीकरण कमी पडत आहे हे ओळखण्याची जलद खूण म्हणजे बँकांमधील एका रात्रीच्या कर्जाचा दर. मार्च २००७ मध्ये रिव्हर्स रेपोखाली दररोज स्वीकारावयाच्या रकमेवर ३ हजार कोटींची मर्यादा घालण्यात आली. त्यानंतर ओघ वाढला तेव्हा जादा पैशास ठेवण्याची जागाच उरली नाही आणि जुलै २००७ च्या सुमारास हा दर १ टक्क्याच्याही खाली गेला. ऑगस्ट २००७ मध्ये मर्यादा उठविण्यात आली. आकड्यांतून पडताळा घ्यायचा असल्यास रिझर्व्ह बँकेच्या साप्ताहिक विवरणातील निव्वळ परकीय मत्तेतील वाढ आणि निव्वळ देशांतर्गत मत्तेतील घट यांची तुलना करावी. दोन्ही समान असतील तर तटस्थीकरण पूर्ण, घट कमी असेल तर ते अंशतः झाले असे समजावे.

भार कोणावर?

आता कारखान्याकडे परत येऊ. २००७ च्या प्रारंभी डॉलरचा भाव ४४ रुपयांच्या आसपास होता. वर्षाच्या उत्तरार्धात तो ४० च्या खाली आला. जानेवारी २००७ मध्ये साखरेवरील निर्यातबंदी उठली, परंतु त्याच वर्षी १० लाख डॉलरचे मोल ४ कोटी ४० लाखांवरून सुमारे ३ कोटी ९५ लाखांवर उतरले. ४५ लाखांची ही तूट शेवटी उसाच्या दरावर येते. हस्तक्षेप झाला नसता, तर रुपया आणखी वधारला असता. या अर्थाने हस्तक्षेपाचा लाभ निर्यातदारास, व म्हणून ऊस उत्पादकासही, होता.

त्याची किंमत तीन ठिकाणी मोजली गेली. पहिला भार करदात्यावर पडला. १ लाख ६८ हजार कोटींवर ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाचा खर्च सुमारे ११,८०० कोटी होतो. परकीय गंगाजळीवर मिळणारे उत्पन्न रिझर्व्ह बँकेच्या नफ्यातून काही अंशी सरकारकडे परत येई, परंतु ते सामान्यतः देशी व्याजदरापेक्षा कमी असे. दुसरा भार बँकांवर पडला. ३१ मार्च २००७ पासून रोख राखीव शिलकेवर व्याज देणे बंद झाले होते. साहजिकच प्रत्येक वाढीबरोबर बँकांचा बिनव्याजी पैसा वाढला आणि ही झळ ठेवीदार व कर्जदार यांच्यात वाटली गेली. साखरेच्या साठ्यावर मालतारण कर्ज घेणारा कारखानाही त्या कर्जदारांत येतो. एका हाताने मिळालेला लाभ दुसऱ्या हाताने काही अंशी परत द्यावा लागला, तो असा.

तिसरी किंमत अधिक सूक्ष्म आहे. तटस्थीकरण न केल्यास पैसा वाढून व्याजदर उतरले असते आणि परकीय भांडवलाचे आकर्षण आपोआप कमी झाले असते. तटस्थीकरणाने व्याजदर उतरू दिले नाहीत. ज्या व्याजफरकामुळे भांडवल येत होते, तोच टिकून राहिला. म्हणून भांडवलाची मुक्त ये-जा असताना तटस्थीकरण हा वेळ मिळविण्याचा मार्ग असतो, कायमचा तोडगा नसतो.

उलटा प्रवाह आणि समारोप

सप्टेंबर २००८ नंतर जागतिक वित्तीय संकटात भांडवल बाहेर जाऊ लागले. रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले, तेव्हा रुपये बाजारातून काढून घेतले गेले. या वेळी योजनेखालील रोखे परत घेऊन व मुदत संपलेल्यांची परतफेड करून अडकलेला पैसा मोकळा करण्यात आला आणि रोख राखीव प्रमाण ९ टक्क्यांवरून जानेवारी २००९ पर्यंत ५ टक्क्यांवर आणले गेले. ओघाच्या वेळी बांधलेला बंधारा ओहोटीत कामी आला. फेब्रुवारी २००९ मध्ये कराराच्या दुरुस्तीने त्या खात्यातील रक्कम सरकारच्या सर्वसाधारण खात्यात वळविण्याचीही सोय झाली. प्राण मानलेली अट आवश्यकतेनुसार सैल करता येते, हे त्यातून दिसले.

पुढे डिसेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीने बँकांत साचलेला पैसा शोषण्यासाठी याच योजनेची मर्यादा ६ लाख कोटींवर नेण्यात आली. त्या पैशाचा डॉलरखरेदीशी संबंध नव्हता. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँक स्थायी ठेव सुविधेद्वारे तारण न देता बँकांचा पैसा व्याजाने स्वीकारते. त्यामुळे रोख्यांचा साठा संपण्याची २००४ मधील अडचण दूर झाली आहे. व्याजाचा खर्च मात्र दूर झालेला नाही. तो अर्थसंकल्पाच्या स्वतंत्र नोंदीतून पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात गेला आहे. साधन कोणतेही असो, डॉलर घेण्यासाठी निर्माण केलेला रुपया परत घ्यावयाचा तर तो परत देणाऱ्यास मोबदला द्यावा लागतो, नाहीतर मोबदल्याविना त्याच्याकडून सक्तीने बांधून घ्यावा लागतो. या दोहोंतील निवड हाच तटस्थीकरणाच्या धोरणातील मूळ प्रश्न आहे.