रात्रीत पुन्हा ओला होणारा कुर्ता

गुहागरच्या समुद्रात भिजलेला सुती कुर्ता दुपारच्या उन्हात दांडीवर टाकला की संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळतो. रात्री पाऊस नाही, कुर्ता पडवीत छपराखाली, म्हणजे दवाचाही प्रश्न नाही. तरी सकाळी हात लावावा तर तो ओलसर आणि चिकट! रात्रीतून त्याला पाणी दिलं कुणी?

दिलं हवेनं, आणि मागितलं मिठानं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पिळल्यावरही कुर्त्यात ३०० मिलिलिटर पाणी उरलं असं धरू. ते उडून गेलं तरी त्यातले दहाएक ग्रॅम क्षार धाग्यांतच राहतात, म्हणजे दोनेक चहाचे चमचे मीठ आपण अंगात घालून फिरतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतली वाफ ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून बऱ्याच कोरड्या हवेतही पाणी ओढतं. किनाऱ्यावरची रात्रीची हवा एवढी दमट सहज होते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते याच कारणानं.

म्हणून लवकर वाळणाऱ्या कपड्याची पहिली अट कापडाची नाही, बादलीभर गोड्या पाण्याची आहे. तोच कुर्ता दहा लिटर पाण्यात नीट खळबळून पिळला तर मीठ दहा ग्रॅमवरून पाव-अर्ध्या ग्रॅमवर येतं. काळ्या कापडावर वाळल्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या तर खुशाल समजावं, खळबळणं अर्धवट झालंय.

आता कापडाकडे वळू. सुताचा धागा पाणी नुसतं अंगावर घेत नाही, पिऊन फुगतो. पॉलिएस्टरचा धागा पीत नाही. त्याचं पाणी धाग्यांच्या मधल्या फटींतच अडकतं आणि पिळलं, झटकलं की बरंचसं निघून जातं. साध्या दमट हवेतही सूत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पण सुताला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. आपला पंचा सुतीच, तरी तासाभरात वाळतो, कारण तो पातळ आणि विरळ विणीचा. जीन्सही सुतीच, आणि ती दुसऱ्या दिवशी बसच्या सीटवर ओली बसते. जाडी हा धाग्याइतकाच मोठा गुन्हेगार आहे.

मग सगळ्यांनी पंच्याचंच कापड का घालू नये? कारण सासू-सासरे, दीर-नणंदा आणि पोरंबाळं सोबत असताना भिजलेलं पातळ पांढरं सूत नको ते दाखवतं. कोरड्या कापडात धागा आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश पुनःपुन्हा विखुरतो, म्हणून ते पांढरं आणि अपारदर्शक दिसतं. फटींत हवेऐवजी पाणी शिरलं की प्रकाश फारसा न विखुरता पार जातो. पाण्याचा अपवर्तनांक धाग्याच्या बराच जवळ असल्यानं ही जादू होते. त्याच वाटेनं अतिनील किरणंही आत येतात, म्हणजे लाज आणि त्वचा दोन्ही उघड्या. दुकानातून आणलेला कपडा घरीच ओला करून तळहातावर ताणून पाहावा. रेषा दिसल्या तर तो समुद्रासाठी नाही.

यातून पोशाख आपोआप ठरतो. बायकांसाठी गुडघ्यापर्यंतचा, बाजूंना लांब चिरा असलेला, गडद छापील पॉलिएस्टर क्रेपचा सैल कुर्ता आणि खाली नायलॉन-लायक्राची थ्री-फोर्थ लेगिंग. पुरुषांसाठी नायलॉनची हाफपँट आणि ड्राय-फिट टी-शर्ट. ओढणी किनाऱ्यावरच ठेवावी, भिजून गळ्याशी गुंडाळली गेली तर लाटेत जिवाशी खेळ होतो.

गडद रंगानं उकडेल ही शंका रास्त आहे. १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात सिनाईच्या वाळवंटातल्या बदाऊनी लोकांच्या काळ्या झग्यांवर एक अभ्यास आला. काळा झगा जास्त तापत होता, पण अंगापर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच होती. जादाची उष्णता झग्यातून खेळणाऱ्या हवेबरोबर निघून जात होती. अर्थात झगा सैल असला तरच. तोच कुर्ता अंगाला घट्ट शिवून घेतला तर हा हिशेब कोलमडतो.

पॉलिएस्टर घाम शोषत नाही, त्यामुळे पाण्याबाहेर तासन्‌तास बसलं की ते चिकटतं आणि त्याला वासही लवकर येतो. शिवाय आगीत ते जळण्याआधी वितळून कातडीला चिकटतं. थंडीत अलिबागकडे संध्याकाळी पोपटी लागणार असेल, तर मडक्याभोवतीच्या जाळाजवळ बसण्याआधी कोरडे सुती कपडे घालावेत. तिथे सूतच बरं.