दोन पत्ते, एकच पत्ता

१९२२ साली शिकागोच्या एका हॉटेलात हूडिनीच्या सन्मानार्थ मेजवानी होती. कोणतीही जादू मला तीनदा दाखवा, तिचं गुपित मी सांगेन, अशी हूडिनीची बढाई होती. डाय व्हर्नन या तरुण कॅनेडियन जादूगाराने त्याच्याकडून एका पत्त्यावर सही करून घेतली आणि तो गड्डीत वरून दुसऱ्या जागी ठेवला. पुढच्या क्षणी तोच पत्ता सगळ्यात वर होता. व्हर्ननने हे पुन्हा पुन्हा केलं आणि हूडिनी निरुत्तर झाला, असं जादूगार आजही सांगतात. आत घातलेला पत्ता परत वर येण्याचा हा खेळ पत्त्यांच्या जादूतला सदाबहार खेळ आहे. त्याच्या बहुतेक प्रकारांचा कणा म्हणजे डबल लिफ्ट, म्हणजे दोन पत्ते एकत्र उचलून एकच पत्ता म्हणून दाखवणं.

त्याचं सगळ्यात साधं रूप पाहू. गड्डीत वर चौकट तिर्री आहे, तिच्याखाली बदाम सत्ती. जादूगार दोन्ही पत्ते एकदम उताणे करतो आणि प्रेक्षकाला सत्ती दिसते. तो ते पुन्हा पालथे करतो, वरचा एकच पत्ता उचलतो आणि न दाखवता गड्डीच्या मध्ये सरकवतो. प्रेक्षकाच्या मते आत गेली ती सत्ती. खरं तर गेली तिर्री. चुटकी वाजवून वरचा पत्ता उलटला की सत्ती हजर.

गणित एवढंच आहे. अडचण बोटांची आहे. एका पत्त्याची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे जाडीवरून दोन पत्ते कुणी ओळखत नाही. ओळखतात ते हाताच्या अवघडलेपणावरून. नवशिका प्रेक्षकांसमोरच अंगठ्याने कडेशी चाचपडत दोन पत्ते मोजू लागतो, तिथेच संशय येतो. म्हणून ही तयारी आधीच उरकायची असते. गड्डी डाव्या हातात असते. समोरच्याशी बोलता बोलता डाव्या अंगठ्याने वरचे दोन-तीन पत्ते किंचित उजवीकडे सरकवायचे आणि उजव्या हाताने गड्डी सारखी करताना दुसऱ्या पत्त्याखाली डाव्या करंगळीचा मांसल भाग अडकवायचा. या फटीला जादूगार ब्रेक म्हणतात. फट मागच्या उजव्या कोपऱ्यात असते आणि समोरून दिसत नाही. उलटायची वेळ येईल तेव्हा शोधाशोध करावी लागत नाही, कारण दोन पत्ते कधीच वेगळे झालेले असतात.

मग उजवा अंगठा वर आणि मधलं बोट खाली, अशी त्या कोपऱ्याची पकड घ्यायची आणि पत्ते पुस्तकाच्या पानासारखे डावीकडे उलटायचे. ते गड्डीवर उतरताना साधारण अर्धा सेंटिमीटर आपल्या बाजूला बाहेर राहू द्यायचे. ही बारीक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. बाहेर राहिलेल्या कडेमुळे दोन्ही पत्ते पुन्हा एकत्र पकडता येतात आणि परत पालथे करताना दुसऱ्यांदा ब्रेक घ्यावा लागत नाही. हे न शिकलेले लोक पहिल्यांदा छान उलटतात आणि परत पालथे करताना पकडले जातात.

पत्ते हवेत धरून मिरवणं टाळावं. जितका वेळ ते बाहेर, तितकी कडा सरकून दुसऱ्या पत्त्याची पांढरी रेघ दिसण्याची शक्यता जास्त. निव्वळ प्लास्टिकचे पत्ते एकमेकांवरून घसरतात, तिथे हा धोका दुप्पट. उलट पावसाळ्यात कागदी पत्ते दमट होऊन चिकटतात आणि ब्रेक घेताना तिसरा पत्ता सोबत येतो. हे कळायची खूण म्हणजे तुम्हाला सत्ती अपेक्षित असते आणि दिसतो भलताच पत्ता. अशा वेळी तो वरचा पत्ता म्हणूनच शांतपणे दाखवावा आणि खेळ त्यावरच पुढे न्यावा. प्रेक्षकाला आधीपासून काही सांगितलं नसेल तर त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच पत्ता उलटण्याआधी त्याचं नाव घेऊ नये. ‘हा बघा, एकच पत्ता’ हे वाक्य तर कधीच उच्चारू नये. दोन असतील, ही कल्पना तोवर कुणाच्या डोक्यात आलेली नसते.

सहजता हवी, असा व्हर्ननचा आयुष्यभर आग्रह होता. पण सहज म्हणजे नेमकं कसं? बहुतेक जण डबल लिफ्ट सुंदर करण्याच्या मागे लागतात: गिरकी, टिचकी, नाजूक बोटं. मग एकच पत्ता उलटताना ते साधेपणाने उलटतात आणि दोन्हींतला फरक लगेच दिसतो. उपाय उलट्या दिशेने आहे. तुम्ही रमी खेळताना वरचा पत्ता जसा उलटता, त्याचा व्हिडिओ काढा. मग दोन पत्ते तसेच उलटा आणि त्याचाही व्हिडिओ काढा. जिथे जमत नाही, तिथे एक पत्ता उलटण्याची सवयच थोडी बदला आणि खेळात प्रत्येक वेळी, गरज नसतानाही, तो तसाच उलटा. दोन्ही चित्रफिती आवाज बंद करून जादू न येणाऱ्या माणसाला दाखवा. कुठल्या फितीत दोन पत्ते आहेत हे त्याला सांगता आलं, तर लोकांसमोर जायची घाई करू नका.