जुलै ते सप्टेंबर, दोनच मुद्दे

“सर, माझं काम कसं चाललंय?” असं विचारलं की साहेब सहसा म्हणतात, “छान चाललंय, असंच चालू दे.” ते खोटं बोलत असतात असं नाही. प्रश्नच इतका ऐसपैस असतो की त्यात वर्षभराचं काम, स्वभाव, हजेरी, पगारवाढ असं सगळं मावतं. आणि मान वर करून उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाला तोंडावर कडू सांगणं कोणालाच आवडत नाही. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. वाईट बातमी ज्याची त्याला सांगायची वेळ आली की माणसं ती टाळतात किंवा पुढे ढकलतात.

पण ‘छान’वर विसंबून राहणं महागात पडू शकतं. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले देव दत्त यांना बढतीसाठी पाच वर्षांचे गोपनीय शेरे ‘खूप चांगला’ असे हवे होते. १९९३-९४ चा शेरा नुसता ‘चांगला’ होता आणि तो त्यांना कळवलाच नव्हता, कारण तेव्हा फक्त प्रतिकूल शेरे कळवायची पद्धत होती. बढती हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा. खाजगी कंपनीत मात्र हे बऱ्याचदा स्वतःच विचारून घ्यावं लागतं.

ते विचारायचं कसं, हे एका उदाहरणातून पाहू. समजा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात एक तरुण इंजिनिअर आहे. जुलैपासून ग्राहकांच्या तक्रारी तिच्याकडे आल्या. तक्रार आली की ‘एट-डी’ रिपोर्ट करायचा: आधी खराब माल अडवायचा, मग मूळ कारण शोधायचं, मग कायमचा उपाय. शिवाय रोज सकाळी प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये आदल्या दिवसाचं रिजेक्शन मांडायचं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती साहेबांना मेल लिहिते:

“सर, जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतल्या माझ्या कामाबद्दल दोन मुद्द्यांवर तुमचं मत हवं होतं. एक, एट-डी रिपोर्टमधलं मूळ कारणाचं विश्लेषण. या काळातले पाच रिपोर्ट सोबत जोडले आहेत. दोन, सकाळच्या मीटिंगमध्ये मी रिजेक्शन मांडते ते प्रॉडक्शनवाल्यांना पटतं का, की वाद वाढतो? पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं देऊ शकाल का? दोन्हींमध्ये पहिल्यांदा काय बदलावं, तेवढं सांगितलंत तरी चालेल.”

यातला काळ सहज निवडलेला नाही. ‘या वर्षात’ असं म्हटलं असतं तर साहेबांना आठवलं असतं ते गेल्या पंधरवड्यातलं, आणि त्यात एखादी मोठी तक्रार आली असेल तर तीच सगळ्यावर पसरली असती. ‘गेल्या आठवड्यात’ म्हटलं असतं तर एकाच घटनेवर मत मिळालं असतं. सवय दिसायची तर तीच गोष्ट काळात तीन-चारदा तरी घडलेली हवी. तक्रारींचं काम जुलैपासून तिच्याकडे आलं, म्हणून सुरुवात जुलैपासून. त्याआधीचा हिशेब वेगळ्या कामाचा आहे, तो यात मिसळला तर उत्तर पातळ होतं. या तीन महिन्यांत ती महिनाभर रजेवर असती तर हा काळ निरुपयोगी ठरला असता.

ऑक्टोबर निवडण्यामागेही हिशेब आहे. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वमूल्यमापनाचे फॉर्म भरले जातात. मग साहेबलोक आपापसांत बसून कोणाला किती रेटिंग हे ठरवतात, आणि तिथे बऱ्याचदा वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्याच असतात. एकदा रेटिंग मनात ठरलं की नंतर मिळणारं मत हे बहुतेकदा त्या रेटिंगचं समर्थन असतं. ऑक्टोबरमध्ये रेटिंग ठरलेलं नसतं आणि सुधारायला पाचएक महिने हातात असतात. याच मीटिंगमध्ये पगाराचा विषय मात्र काढू नये. तो निघाला की साहेब तोलूनमापून बोलायला लागतात.

मुद्दे दोनच, आणि दोन्ही साहेबांनी डोळ्यांनी पाहिलेले आहेत. रिपोर्टवर ते सही करतात, मीटिंगला ते बसलेले असतात. पुरवठादारांशी ती फोनवर कशी बोलते हे त्यांनी ऐकलेलंच नसेल, तर त्यावर विचारून ऐकीव मत मिळतं. ते विचारायचं तर पर्चेसमधल्या सहकाऱ्याला. ‘कम्युनिकेशन’, ‘अॅटिट्यूड’ असले शब्द तिने टाळलेत, हेही बरं केलं. अॅव्रॅहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट घसरलेलं आढळलं. कामावरचं लक्ष उडून ते ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे.

तरी पहिलं उत्तर गुळमुळीतच येतं. साहेब म्हणतात, “रिपोर्ट ठीक आहेत, जरा डीपमध्ये जायला हवं.” इथे बरेच जण मान डोलावून उठतात. ती ऑगस्टचा रिपोर्ट पुढे सरकवते आणि विचारते, “सर, यात कुठे कमी पडलं?” आता साहेबांना बोट ठेवावंच लागतं. “हे बघ, बर राहिली, ऑपरेटरने डिबरिंग केलं नाही, इथे तू थांबलीस. ग्राहक विचारतो, डिबरिंग न झालेला पार्ट पुढच्या स्टेशनवरून सुटलाच कसा? दोन वेळा मला फोन करून सांभाळून घ्यावं लागलं.” म्हणजे दोष का निर्माण झाला हे ती लिहीत होती, पण तो आपल्याच तपासणीत का सापडला नाही ही दुसरी बाजू राहत होती. ‘डीपमध्ये जा’ एवढ्यावरून हे तिला कधीच कळलं नसतं.

मीटिंगबद्दल ते म्हणतात, “तू आकडा सांगतेस आणि लगेच सुपरवायझरकडे बघतेस. त्यांना आरोप वाटतो.” हे ऐकताना कान तापतात. “पण सर, त्या दिवशी लाइनवर…” असं स्पष्टीकरण तोंडावर येतं, आणि ते सुरू झालं की साहेब पुढचं वाक्य गिळतात. स्पष्टीकरण खरं असेल तरी त्या वीस मिनिटांत नको. फक्त विचारावं, “मग कसं मांडू?”

साहेब आकसाने वागणारे असतील, तर या सगळ्याला मर्यादा आहेत. विचारलेला मुद्दाच पुढे ‘हिने स्वतः कबूल केलं’ म्हणून वापरला जाऊ शकतो. अशा ठिकाणी मेल कोरडा ठेवावा, ‘मी कुठे चुकते’ असं न लिहिता ‘पुढे काय बदलावं’ असं लिहावं, आणि रिपोर्टसारखा कागद जोडून बोलणं त्याच्याभोवतीच ठेवावं.

मीटिंग झाल्यावर त्याच दिवशी ती चार ओळींचा मेल टाकते: काय ठरलं, ती काय बदलणार आहे, आणि डिसेंबरअखेरपर्यंतच्या रिपोर्टांवर जानेवारीत पुन्हा दहा मिनिटं मिळतील का. यादीत आता एकच मुद्दा आहे: दोष का सापडला नाही, हे प्रत्येक रिपोर्टमध्ये आलं का. सुपरवायझरांबद्दल काय झालं, ते तिने साहेबांना नाही, सुपरवायझरांनाच विचारायचं ठरवलंय.